मुरुमांच्या कॅप्सूलवरचा इशारा मेडिकलच्या खोक्यातच राहतो : अन्न व औषध प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

विषय : आयसोट्रेटिनॉइन कॅप्सूलची चिठ्ठीविना सुटी विक्री आणि त्यामुळे स्त्रियांपर्यंत न पोहोचणारा गर्भावस्थेचा इशारा

महोदय,

त्वचारोग, स्त्रीरोग आणि औषधविक्री या तीन क्षेत्रांत रोज काम करणारे आम्ही काही जण मिळून हे पत्र लिहीत आहोत. आमच्यापैकी एक जण आयसोट्रेटिनॉइन लिहून देतो, दुसरा ते काउंटरवरून देतो आणि काही बिघडले तर त्या मुलीला तिसऱ्याच्या टेबलासमोर बसावे लागते. या औषधाची साखळी कुठे तुटते हे आम्हाला तिन्ही बाजूंनी दिसते, म्हणून गप्प राहणे आता आम्हाला मान्य नाही. पत्र जाहीर ठेवण्याचे कारण एवढेच, की ज्यांच्या घरात हे औषध आज कपाटात पडलेले आहे त्यांनाही ते वाचता यावे.

औषध वाईट आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. अ जीवनसत्त्वापासून तयार झालेले हे द्रव्य १९८२ साली अमेरिकेत मुरुमांसाठी मंजूर झाले. चेहऱ्यावर, पाठीवर गाठी येऊन खड्डे पडणाऱ्या मुरुमांवर आजही याच्या तोडीचे दुसरे औषध नाही. तेलग्रंथी आक्रसवून ते मुरुमाच्या मुळावर काम करते, आणि योग्य मात्रा पूर्ण झाली तर बऱ्याच जणांना पुन्हा औषध घ्यावेच लागत नाही. त्याचा एकच दोष असा आहे की तिथे तडजोडीला जागा नाही. गर्भ राहण्याच्या सुरुवातीच्या आठवड्यांत हे औषध पोटात असेल, तर बाळाचा मेंदू, हृदय, कान आणि चेहरा यांची घडण बिघडू शकते. गर्भपाताचा धोका वाढतो. जी बाळे जिवंत जन्माला येतात त्यांच्यापैकी साधारण २० ते ३५ टक्के बाळांत मोठी जन्मजात व्यंगे आढळली आहेत. वरून काहीच दिसत नाही अशा काही मुलांतही पुढे बौद्धिक वाढीत अडचणी दिसतात. कमी मात्रेत किंवा थोडेच दिवस घेतले तर चालते, अशी कोणतीही सुरक्षित मर्यादा आजवर ठरवता आलेली नाही.

हे सगळे वेष्टनावर छापलेले असते. आमची पहिली तक्रार तिथूनच सुरू होते.

आयसोट्रेटिनॉइन हे अनुसूची एच मधले औषध आहे. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. औषध नियम १९४५ मधला नियम ६५ त्याहून पुढे जातो. डॉक्टरने ‘पुन्हा द्यावे’ असे स्पष्ट लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे. आणि देताना चिठ्ठीवर दुकानाचे नाव, पत्ता व तारीख नोंदवायची. म्हणजे नवा कायदा करण्याची वाट पाहायला नको, हवा तो नियम हातात आहेच. प्रत्यक्षात काय चालते ते कोणत्याही तालुक्याच्या बाजारपेठेत उभे राहून पाहता येईल. जुनी चिठ्ठी, मोबाइलमधला फोटो किंवा रिकाम्या स्ट्रिपचा तुकडा दाखवला की पुढच्या कॅप्सूल मिळतात. दहाची स्ट्रिप परवडत नसेल तर कात्रीने चार कापून दिल्या जातात. औषधाचे नाव एका तुकड्यावर जाते, मुदत दुसऱ्या तुकड्यावर राहते आणि गर्भावस्थेचा इशारा ज्या खोक्यावर ठळक छापलेला असतो ते खोके दुकानातल्या फळीवरून हलतही नाही. आत घडी घालून ठेवलेले माहितीपत्रक इंग्रजीत असते, बारीक अक्षरात असते आणि बहुतेक वेळा डॉक्टरांसाठी लिहिलेले असते. चार कॅप्सूल कागदी पुडीत घेऊन निघालेल्या मुलीच्या हातात इशाऱ्याचा एक शब्दही पडत नाही.

सुटे देणे ही गरिबाची सोय आहे हे आम्ही जाणतो, तापाच्या गोळीच्या बाबतीत ती सोय राहावीच. या एका औषधाला मात्र ती लागू करू नये. पैशांची अडचण असेल तर डॉक्टरने कमी ताकदीची कॅप्सूल किंवा एक दिवसाआड मात्रा लिहून द्यावी. स्ट्रिप अखंडच जावी.

दुसरी तक्रार गर्भतपासणीची आणि संततिनियमनाची आहे. या पत्रातला हाच सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणून तो एका उदाहरणाने मांडतो. उदाहरण काल्पनिक आहे, आकडे मात्र रोजच्या व्यवहारातले आहेत.

समजा एका मुलीचे वजन ५० किलो आहे. या औषधाचा हिशेब रोजच्या मात्रेबरोबर एकूण मात्रेवरही चालतो. किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम एवढे औषध सगळे मिळून पोटात गेले, की मुरूम परतण्याची शक्यता कमी होते. तिच्यासाठी किमान एकूण मात्रा झाली ६,००० मिलिग्रॅम. रोज २० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल धरली तर ३०० दिवस, म्हणजे दहाच्या तीस स्ट्रिपा. तिने १ मार्चला सुरुवात केली तर शेवटची कॅप्सूल २५ डिसेंबरला येते. औषध थांबल्यावर आणखी एक महिना गर्भ राहू द्यायचा नाही, म्हणजे तिची खरी मोकळीक २५ जानेवारीला.

आता आपल्याकडचे वर्ष आठवा. लग्न ठरते आहे म्हणून चेहरा स्वच्छ हवा, हे आपल्याकडे औषध सुरू करण्यामागचे फार मोठे कारण आहे. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते, म्हणजे नोव्हेंबर उजाडतो. मुलगी मार्चमध्ये औषध सुरू करते, मध्ये पाहण्याचे कार्यक्रम होतात, तारीख निघते, आणि लग्नाच्या दिवशी तिच्या तीस स्ट्रिपांतल्या चार-पाच स्ट्रिपा अजून बाकी असतात. चेहरा तर आता कुठे छान दिसू लागला आहे, मग ती औषध का थांबवेल? तिला कोणी सांगितलेलेच नसेल तर थांबवण्याचे कारणही तिला ठाऊक नसते. अविवाहित मुलीशी हा विषय कसा काढायचा, म्हणून डॉक्टर संकोचतात. सोबत आई बसलेली असते, म्हणून मुलगी विचारत नाही. जुन्या चिठ्ठीवर दुकानदार देत राहतो. या तीन मौनांच्या मधून औषध लग्नघरात जाते.

पुढचे गणित शरीराचे आहे आणि ते कोणासाठी थांबत नाही. पाळी २८ दिवसांची धरली तर गर्भधारणा साधारण चौदाव्या दिवशी होते. पाळी चुकल्याचे कळायला आणखी दोन आठवडे जातात. लग्नाची धावपळ, प्रवास, जागरण यामुळे आठवडाभर उशीर झाला असेल असे तिला वाटते आणि चाचणी होते तेव्हा गर्भाचे वय तीन आठवड्यांच्या पुढे गेलेले असते. याच सुमारास बाळाचे हृदय ठोके देऊ लागलेले असते, पुढच्या काही दिवसांत मेंदू व मज्जारज्जूची नळी मिटणार असते, आणि कान व जबडा जिथून घडतात त्या पेशी आपापल्या जागी सरकत असतात. आयसोट्रेटिनॉइन नेमका याच पेशींच्या कामात बिघाड करते. ‘दिवस गेल्याचे कळले की औषध बंद करू’ हा बेत इथे उपयोगाचा नाही, तो यामुळेच. कळेपर्यंत रोजची एक कॅप्सूल तीन आठवडे पोटात गेलेली असते.

म्हणून जगात जिथे जिथे हे औषध गांभीर्याने वापरले जाते तिथे विक्रीलाच कुलूप लावलेले आहे. अमेरिकेत २००६ पासून या औषधासाठी सक्तीची नोंदणी आहे. गर्भ राहू शकणाऱ्या स्त्रीची चाचणी नकारार्थी आल्याची नोंद झाल्याशिवाय औषध मिळत नाही आणि एका वेळी ३० दिवसांपेक्षा जास्त मिळत नाही. तिथल्या स्ट्रिपवर प्रत्येक कॅप्सूलपाशी गर्भवती स्त्रीच्या चित्रावर फुली असलेली खूण छापण्याची प्रथा त्याहूनही आधीची, १९८८ पासूनची आहे. वाचता न येणाऱ्यालाही ती खूण कळते. युरोपातही चिठ्ठीला ३० दिवसांची मर्यादा आहे. तेवढी संगणकीय यंत्रणा उद्या उभारा असे आम्ही म्हणत नाही. जे आपल्याकडे आज शक्य आहे तेवढेच मागतो.

शक्य काय आहे, तर हे. औषध सुरू करण्याआधी लघवीची गर्भतपासणी करावी. तिला काही फार खर्च येत नाही, आणि आशाताईंकडे सरकारचे ‘निश्चय’ किट असते. चाचणी नकारार्थी आली तरी पुढची पाळी येऊ द्यावी आणि पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पहिली कॅप्सूल घ्यावी. त्यानंतर दर महिन्याला पुढची स्ट्रिप देण्याआधी चाचणी, आणि औषध संपल्यावर महिन्याने शेवटची एक. शरीरसंबंध येणार असतील तर एकच भरवशाचे साधन, म्हणजे तांबी, किंवा एकमेकांना पूरक अशी दोन साधने, म्हणजे नियमित संयुक्त गोळी आणि निरोध, असे ठरवून घ्यावे. औषध सुरू होण्याआधी महिनाभर, चालू असताना आणि नंतर महिनाभर. तांबी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत बसवली जाते. फक्त प्रोजेस्टेरॉन असलेली कमी मात्रेची गोळी या औषधाबरोबर पुरेशी धरत नाहीत. लग्न जवळ आले असेल आणि यांपैकी काहीच जमणार नसेल तर तारखेच्या किमान महिनाभर आधी औषध थांबवावे. मुरूम थोडे परतले तर त्यावर लावायची औषधे आहेत.

इथे एक दिलासाही नीट सांगायला हवा, कारण भीतीने दुसऱ्या टोकाचे नुकसान होते. पूर्वी कधी हे औषध घेतले म्हणून पुढे मूल होत नाही, किंवा व्यंग असलेलेच होते, हे खरे नाही. औषध रक्तातून आठवड्या-दीड आठवड्यात जवळपास निघून जाते; महिन्याचे अंतर हे हात राखून ठेवलेले आहे. सोरायसिससाठी दिले जाणारे अॅसिट्रेटिन हे याच कुळातले औषध मात्र शरीरात फार काळ राहते आणि त्यासाठी तीन वर्षे थांबावे लागते. या दोन औषधांची गल्लत होऊन दोन वर्षांपूर्वी मुरुमांचे औषध घेतलेल्या मुलीला घाबरवणे चुकीचे आहे. औषध चालू असतानाच दिवस गेले, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करावी आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला गाठावे. प्रत्येक बाळात व्यंग येतेच असे नाही, आणि सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे सगळे ठीक अशी खात्रीही देता येत नाही, कारण बौद्धिक वाढ सोनोग्राफीत दिसत नाही. ही माहिती समोर ठेवून पुढचा निर्णय त्या स्त्रीने घ्यायचा आहे. त्यासाठी कायद्याने दिलेली मुदत मर्यादित आहे, म्हणून वेळ घालवू नये.

तिसरी तक्रार पुरुषांकडून जाणाऱ्या वाटेची. मुलगे हे औषध मोठ्या संख्येने घेतात आणि त्यांच्या होणाऱ्या मुलांना त्यामुळे व्यंग येते असे दिसलेले नाही, त्यामुळे त्यांना कोणी काही सांगतच नाही. पण एकाच घरात भावाची स्ट्रिप बहीण घेते. ‘तुझे मुरूम गेले ना, मलाही दे’ इतके ते सोपे असते. दुसरी वाट रक्तदानाची आहे. गणेशोत्सवात, शिवजयंतीला, १ मेला गावोगाव रक्तदान शिबिरे होतात आणि तिथे रांगेत उभी असतात ती बहुतेक मुरुमांच्याच वयाची मुले. हे औषध चालू असताना आणि थांबल्यावर एक महिना रक्त देऊ नये, असे औषधाच्या माहितीपत्रकात स्पष्ट आहे, कारण ते रक्त एखाद्या गर्भवतीला चढवले जाऊ शकते. शिबिरातल्या फॉर्मवर ‘काही औषधे चालू आहेत का’ असा मोघम प्रश्न असतो आणि मुरुमांची कॅप्सूल कोणाला औषध वाटतच नाही. प्रश्न नाव घेऊन विचारायला हवा.

चौथी तक्रार लावायच्या औषधांबद्दल आहे. तिचे वजन कमी आहे, पण ती पहिल्या तिघींना चिकटलेली आहे. दुकानात ‘मुरुमांचे काहीतरी द्या’ म्हटले की कॅप्सूल आणि ट्यूब एकाच श्वासात निघतात, आणि दोन्हींचे इशारे एकमेकांत मिसळतात. गर्भवती स्त्री बेंझॉइल पेरॉक्साइडच्या ट्यूबला विषासारखी घाबरते आणि तिचीच धाकटी बहीण कॅप्सूल निर्धास्त घेते. बेंझॉइल पेरॉक्साइड त्वचेतून फार थोडे आत जाते, आत गेलेले बेंझोइक आम्लात बदलून लघवीवाटे निघून जाते, आणि डॉक्टरच्या सल्ल्याने ते गर्भावस्थेतही वापरले जाते. अॅडापॅलिन, ट्रेटिनॉइन ही जेल मात्र आयसोट्रेटिनॉइनच्या कुळातली आहेत, ती गर्भावस्थेत टाळतात. आणि बाजारात बेंझॉइल पेरॉक्साइड व अॅडापॅलिन एकाच ट्यूबमध्येही मिळते. त्यामुळे ट्यूबचे नाव वाचून भागत नाही, आत काय आहे ते वाचावे लागते.

बेंझॉइल पेरॉक्साइड अडीच, पाच आणि दहा टक्के अशा ताकदीत येते. अडीच टक्क्यांचे जेल मुरुमांवर पाच-दहा टक्क्यांइतकेच काम करते आणि त्याने जळजळ कमी होते, हे जुनेच संशोधन आहे. तरी काउंटरवर जास्त आकडा म्हणजे जास्त गुण, अशा समजुतीने मोठी ताकद दिली जाते. मग चेहरा लाल होतो, सोलतो, आणि आपल्या सावळ्या त्वचेवर त्या जळलेल्या जागी महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. मुरुमापेक्षा डाग जास्त दिसतो. उन्हाचा इशारा यासाठीच आहे: सोललेल्या, कोरड्या पडलेल्या त्वचेला ऊन लवकर भाजते आणि डाग गडद करते. आयसोट्रेटिनॉइनने त्वचा पातळ आणि कोरडी होते, म्हणून तोच इशारा तिथे दुप्पट लागू पडतो. शेतात, बाजारात, दुचाकीवर दिवस काढणाऱ्याला ‘उन्हात जाऊ नका’ हे सांगणे निरुपयोगी आहे. त्याऐवजी काय करता येईल ते सांगायला हवे. ट्यूब रात्रीच लावावी. चेहरा साध्या साबणाने धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर वाटाण्याएवढे जेल मुरुमांच्या सगळ्या भागावर पातळ पसरावे, डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या आणि ओठ सोडून. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. पहिल्यांदा वापरताना तीन दिवस आधी थोड्याशा जागेवर लावून पाहावे. सूज, धाप किंवा चेहराभर खाज आली तर ती नुसती जळजळ नव्हे, अॅलर्जी आहे, लगेच थांबवावे. सकाळी चेहरा धुऊन किमान तीस एसपीएफचे सनस्क्रीन दोन बोटांवर भरून घेऊन लावावे, उन्हात असताना दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे, आणि त्यावर ओढणी, गमछा किंवा टोपी घ्यावी. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. उशीची खोळ आणि टॉवेल पांढरे ठेवावेत, कारण हे जेल रंगीत कापडाचा रंग उडवते.

उष्णतेचा एक मुद्दा दुकानांच्या तपासणीशी थेट जोडलेला आहे. बेंझॉइल पेरॉक्साइड गरम राहिले की त्यातून बेंझिन हे कर्करोगकारक द्रव्य थोडे थोडे तयार होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ९५ उत्पादने तपासून मार्च २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. ९० टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेंझिन सापडले नाही किंवा अगदी नगण्य सापडले, आणि मोजकीच उत्पादने बाजारातून मागे घेतली गेली. घाबरण्याजोगे यात काही नाही, पण साठवणुकीचे महत्त्व त्यातून कळते. चंद्रपूर, नागपूर, जळगावच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या दुकानात, गोदामात आणि टेम्पोत ही ट्यूब किती तापते याची नोंद कोणी ठेवतो का? घरी ती थंड, सावलीच्या जागी ठेवावी, दुचाकीच्या डिकीत नको, आणि मुदत संपल्यावर फेकून द्यावी.

आणखी एक गोष्ट लग्नसराईतलीच. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना आणि नंतर सहा महिने वॅक्सिंग करू नये असे माहितीपत्रक सांगते, कारण मेणाबरोबर त्वचेचा वरचा थर निघून येतो आणि व्रण राहतात. नवरीच्या पार्लरच्या यादीत वॅक्सिंग असतेच. हा इशाराही दुकानातल्या खोक्यातच राहतो.

महोदय, वेष्टनावर काय छापायचे हे केंद्राच्या अखत्यारीत आहे, हे आम्ही जाणतो. दुकानात काय घडते ते मात्र आपल्या औषध निरीक्षकांच्या अखत्यारीत आहे. गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर महाराष्ट्रात प्रशासनाने ज्या कसोशीने लक्ष ठेवले, त्याचा अनुभव प्रत्येक औषधविक्रेत्याला आहे. म्हणजे एखाद्या औषधाची विक्री ताब्यात ठेवण्याची ताकद आपल्याकडे आहे. म्हणून आमच्या मागण्या स्पष्टपणे मांडतो.

आयसोट्रेटिनॉइनसाठी नियम ६५ ची काटेकोर अंमलबजावणी करण्याचे परिपत्रक सर्व किरकोळ आणि ऑनलाइन विक्रेत्यांना काढावे. ३० दिवसांपेक्षा जुनी चिठ्ठी चालणार नाही, एका वेळी ३० दिवसांपेक्षा जास्त औषध नाही, स्ट्रिप कापायची नाही आणि दिलेल्या चिठ्ठीवर शिक्का व तारीख घालायची, एवढे चार मुद्दे त्यात असावेत. पुढच्या तपासणीत निरीक्षकांनी या एका औषधाची खरेदीची बिले आणि विक्रीची बिले जुळवून पाहावीत. तफावत किती आहे ते पहिल्याच दिवशी कळेल.

प्रत्येक स्ट्रिपसोबत मराठीत छापलेले कार्ड देणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे. मजकूर आम्ही इथेच देतो, त्यावर आमचा कोणताही हक्क नाही:

‘या कॅप्सूलने पोटातल्या बाळाला गंभीर व्यंग येऊ शकते. गर्भवती असाल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर घेऊ नका. सुरू करण्याआधी आणि दर महिन्याला गर्भतपासणी करा. औषध चालू असताना आणि थांबल्यावर एक महिना दिवस जाऊ देऊ नका. लग्न ठरले असेल तर डॉक्टरांना सांगा. स्वतःची कॅप्सूल भावा-बहिणीला, मैत्रिणीला देऊ नका. औषध चालू असताना आणि थांबल्यावर महिनाभर रक्तदान करू नका. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविके सोबत घेऊ नका. जोराची डोकेदुखी, अंधुक दिसणे, सतत उदास वाटणे असे काही झाल्यास कॅप्सूल थांबवून डॉक्टरांना भेटा. कॅप्सूल जेवणानंतर घ्या. उन्हात चेहरा झाका. वॅक्सिंग करू नका.’

राज्य रक्त संक्रमण परिषदेला पत्र लिहून रक्तदात्याच्या फॉर्मवर ‘मुरुमांसाठी कॅप्सूल घेता का, शेवटची कधी घेतली’ हा प्रश्न मराठीत घालायला सांगावे.

केंद्रीय औषध महानियंत्रकांकडे राज्याच्या वतीने दोन शिफारशी पाठवाव्यात. पहिली, आयसोट्रेटिनॉइनला अनुसूची एच १ मध्ये घ्यावे, म्हणजे रुग्ण, डॉक्टर आणि दिलेली संख्या यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे ठेवणे विक्रेत्याला भाग पडेल. १ मार्च २०१४ पासून काही प्रतिजैविकांसाठी दुकानदार हे करतच आहेत. दुसरी, स्ट्रिपच्या मागे प्रत्येक कॅप्सूलपाशी फुली मारलेल्या गर्भवतीचे चित्र छापावे, म्हणजे कात्री कुठूनही चालली तरी इशारा कापला जाणार नाही.

मार्च ते जून या काळात विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या दुकानांत व घाऊक गोदामांत तापमानाची रोजची नोंद तपासावी, आणि बेंझॉइल पेरॉक्साइडचे नमुने बेंझिनसाठी प्रयोगशाळेत पाठवावेत. निकाल काहीही येवोत, जाहीर करावेत.

आमच्या बाजूने जे करायचे ते आम्ही आपल्या उत्तराची वाट न पाहता करत आहोत. आमच्यातले डॉक्टर चिठ्ठीवर गर्भतपासणीची तारीख, एकूण ठरलेली मात्रा आणि ‘पुन्हा देऊ नये’ हे शब्द लिहितील, आणि अविवाहित मुलीशी हे बोलणे आईला दोन मिनिटे बाहेर बसवून करतील. आमच्यातले फार्मासिस्ट वरचे कार्ड स्वखर्चाने छापून देतील आणि जुनी चिठ्ठी परत करतील. पण गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाऊन तीच कॅप्सूल घेऊ शकते, तोवर आमच्या या करण्याला अर्थ थोडाच. ते पुढचे दुकान आपल्या परवान्यावर चालते.

तुळशीच्या लग्नाआधी परिपत्रक निघावे ही विनंती. उत्तर लेखी आणि जाहीर असावे.

आपले,
महाराष्ट्रातील काही त्वचारोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फार्मासिस्ट